परकं अंडं ओळखूनही ठेवून घेणारे पक्षी: विकेन फेनमधल्या बोरू वटवट्यांचं प्रकरण

मे-जूनमधली दुपार. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या बोरूच्या दाटीत तीन-चार दांड्यांना गुंफून बांधलेलं एक खोलगट घरटं आहे. आत तीन अंडी: हिरवट, त्यावर गडद ठिपके. घरट्याचे मालक जवळपास चरायला गेलेत. काठावरच्या झाडात तासन्‌तास निश्चल बसलेली एक राखाडी मादी खाली झेपावते, घरट्याच्या कडेवर बसते, चोचीत एक अंडं उचलते, तशीच घरट्यावर टेकते, स्वतःचं अंडं घालते आणि उडून जाते. या सगळ्याला लागलेला वेळ साधारण दहा सेकंद. उचललेलं अंडं ती गिळून टाकते. घरट्यात अंडी पुन्हा तीनच.

ही मादी कुक्कूची. कुक्कू म्हणजे आपली आंब्यावरची कोकिळा नव्हे. ती त्याच कुळातली, पण वेगळ्या जातीची. नर ‘कुक्‌-कू’ असा ओरडतो म्हणून हे नाव. घरटं बोरू वटवट्याचं. वजनाने कुक्कू शंभर ग्रॅमच्या आसपास, वटवट्या जेमतेम बारा. ठिकाण इंग्लंडमधलं, केंब्रिजजवळचं विकेन फेन नावाचं पाणथळ. 1985 आणि 1986 या दोन हंगामांत निक डेव्हिस आणि मायकेल ब्रुक या दोन पक्षिशास्त्रज्ञांनी इथली घरटी शोधून, त्यांवर रोज नजर ठेवून आणि त्यांत खोटी अंडी ठेवून जे प्रयोग केले, त्यांच्याभोवती हे प्रकरण फिरतं. कुक्कू फसवते हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. मला या प्रकरणात जास्त गंमत वाटते ती फसणाऱ्याची. वटवट्याला परकं अंडं ओळखता येतं, ते टाकताही येतं, आणि तरी बरेचदा तो ते ठेवून घेतो. का?

आधी कुक्कूची बाजू

दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणं हा कुक्कूच्या कुळाचा जन्मजात धर्म आहे असं समजायचं कारण नाही. या कुळात सुमारे 140 जाती आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त जाती स्वतः घरटं बांधून पिल्लं वाढवतात. भारद्वाज याच कुळातला. तो मोठं, गोलसर घरटं बांधतो आणि नर-मादी दोघं मिळून संसार करतात. घरटं न बांधणाऱ्या जातींनी हा मार्ग नंतर धरला, आणि तोही कुळाच्या वेगवेगळ्या शाखांमध्ये स्वतंत्रपणे.

मार्ग धरण्यामागचा हिशोब उघड आहे. घरटं बांधणं, अंडी उबवणं आणि पिल्लांना दिवसभर भरवणं यात लहान पक्ष्याचा जवळजवळ सगळा हंगाम खर्ची पडतो. बोरू वटवट्याची जोडी एका वेळी साधारण चार अंडी घालते, कारण त्याहून फार जास्त पिल्लं ती पोसू शकत नाही. पोसायचं कामच अंगावरून काढून टाकलं की अंड्यांच्या संख्येवरची ही मर्यादा उठते. इंग्लंडमध्येच एडगर चान्स नावाच्या अंडीसंग्राहकाने 1922 मध्ये एका कुक्कू मादीवर सतत पाळत ठेवली, तेव्हा तिने त्या एका हंगामात 25 अंडी घातल्याची नोंद झाली. सगळ्याच माद्या इतकी घालत नाहीत. त्या मादीसाठी घरटी मुद्दाम उपलब्ध होत राहतील अशी व्यवस्था चान्सने केली होती. पण वाव किती आहे ते यातून कळतं. प्रत्येक अंडं वेगळ्या घरट्यात गेल्यामुळे एक घरटं सापाने किंवा कावळ्याने लुटलं तरी बाकीची शाबूत राहतात, हा आणखी एक फायदा.

पण हा मार्ग फुकटचा नाही, आणि ही बाजू सहसा सांगितली जात नाही. मादीला एकाच वेळी अनेक घरट्यांचा हिशोब ठेवावा लागतो: कोणतं बांधून होत आलं, कोणात अंडी पडायला लागली, कोणाची उबवणी सुरू झाली. अंडं घालायची योग्य वेळ मोजक्या दिवसांची असते. घरटं रिकामं असताना घातलं तर यजमान ते ओळखून टाकतात. उबवणी सुरू झाल्यावर घातलं तर कुक्कूचं पिल्लू उशिरा बाहेर येतं, आणि तोवर यजमानांची पिल्लं मोठी झालेली असतात. म्हणून यजमानाचं अंडी घालणं चालू असेल त्याच तीन-चार दिवसांत तिचं काम व्हावं लागतं.

खोटी अंडी

डेव्हिस आणि ब्रुक यांनी कुक्कूच्या प्रत्येक कृतीवर एकच साधा प्रश्न टाकला: ही कृती तिने वेगळ्या तऱ्हेने केली असती तर काय झालं असतं? खऱ्या कुक्कूला ते सांगता येत नाही, म्हणून त्यांनी स्वतःच कुक्कूची भूमिका केली. कुक्कूच्या अंड्याएवढी अंडी ओतून त्यांना रंग दिले. काही वटवट्याच्या अंड्यासारखी हिरवट ठिपकेदार, काही तपकिरी, काही फिकट करडी, काही साफ निळी. मग कुक्कू करते तसं घरट्यातलं एक अंडं काढायचं, त्या जागी खोटं ठेवायचं आणि पुढचे काही दिवस घरट्याकडे जाऊन पाहायचं: अंडं आहे, गायब आहे की घरटंच सोडून दिलंय?

रंगाबाबतचा निकाल स्पष्ट होता. वटवट्याच्या अंड्याशी मिळतंजुळतं अंडं जवळजवळ सगळ्यांनी ठेवून घेतलं. न जुळणारं अंडं ठेवलेल्या घरट्यांपैकी सुमारे 75 टक्के घरट्यांत ते नाकारलं गेलं. म्हणजे कुक्कूच्या अंड्यावरचे हिरवट ठिपके हा निव्वळ योगायोग नाही; यजमानाच्या नजरेतून पिढ्यान्‌पिढ्या चाळून निघालेलं ते रूप आहे.

आकाराबाबतही तसंच. शंभर ग्रॅमच्या पक्ष्याचं अंडं जेवढं असायला हवं, त्या मानाने कुक्कूचं अंडं फारच लहान असतं. स्वतःची पिल्लं स्वतः वाढवणाऱ्या तिच्या भाऊबंदांच्या अंड्याएवढं मोठं खोटं अंडं ठेवलं तेव्हा वटवट्यांनी ते जास्त वेळा नाकारलं.

मग वेळ. वटवट्याची मादी पहाटे अंडं घालते, कुक्कू मात्र दुपारी. पक्ष्यांत ही वेळ जरा विचित्रच. जुळतं अंडं पहाटे ठेवलं की नाकारण्याचं प्रमाण वाढलं, दुपारी ठेवलं की कमी राहिलं. पहाटे मालक घरट्यावर असतात आणि मादीचं सगळं लक्ष घरट्यातच असतं. दुपारी लक्ष सैल पडतं. दहा सेकंदांच्या घाईचंही कारण असंच निघालं. घरट्यावर पेंढा भरलेली कुक्कू थोडा वेळ ठेवली आणि मग जुळतं अंडं टाकलं, तर एरवी गप्प राहणारे यजमानही तेच अंडं नाकारायला लागले. कुक्कूऐवजी पेंढा भरलेला जॅकडॉ, म्हणजे तिकडचा एक छोटा कावळा, ठेवला तर असा फरक पडला नाही. म्हणजे घरट्यापाशी कोणी तरी आलं एवढ्याने यजमान बिथरत नाहीत. कुक्कू दिसली तरच त्यांना संशय येतो.

एक अपेक्षा मात्र फोल ठरली. कुक्कू यजमानाचं एक अंडं काढून घेते ते त्याला आकडा जुळलेला दिसावा म्हणून, असं बऱ्याच जणांना वाटायचं. प्रयोगात एक अंडं काढलं काय आणि नाही काढलं काय, नाकारण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. वटवट्या अंडी मोजत नाही, निदान या कामासाठी तरी नाही. अंडं उचलण्याचे बाकीचे फायदे उरतातच: एक तर फुकटची न्याहारी, आणि उबेखाली एक अंडं कमी.

ससाण्याचा वेश आणि ससाण्याची हाक

कुक्कू दिसली की संशय येतो, तर न दिसणं किंवा भलतीच कोणी म्हणून दिसणं तिच्या सोयीचं. तिची पाठ करडी, पोटावर आडव्या गडद रेघा, शेपूट लांब, डोळा पिवळा. उडताना ती हुबेहूब स्पॅरोहॉक या छोट्या शिकारी ससाण्यासारखी दिसते. आपला शिक्रा याच्याच नात्यातला, आणि पावशा हा आपला पक्षी कुक्कूच्या कुळातला असूनही शिक्र्यासारखा दिसतो, तो प्रकार इथेही आहे. डेव्हिस आणि जस्टिन वेल्बर्गेन यांनी दाखवलं की लहान पक्षी पोटावर रेघा असलेल्या कुक्कूपासून जास्त लांब राहतात. रेघा झाकल्या की त्यांची भीड चेपते.

दुसरी युक्ती मला जास्त लबाडीची वाटते. अंडं घालून उडताना मादी बऱ्याचदा गप्प जात नाही. तिचा एक वेगळाच आवाज असतो, बाटलीतून पाणी गुळगुळ ओतावं तसा भरभर. इतक्या चोरून केलेल्या कामानंतर हा गाजावाजा कशासाठी, हे कोडं होतं. 2017 मध्ये जेनिफर यॉर्क आणि डेव्हिस यांनी विकेन फेनमध्येच ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पाहिले. मादीची ही हाक ऐकली की वटवट्ये ससाण्याची हाक ऐकल्यासारखे सावध होतात, स्वतःच्या जिवाकडे पाहू लागतात, आणि घरट्यातलं परकं अंडं नाकारण्याचं त्यांचं प्रमाण घटतं. नराच्या ‘कुक्‌-कू’चा असा परिणाम होत नाही. काम झाल्यावर ती जाता जाता मालकाची नजर घरट्यावरून आभाळाकडे वळवते, आणि तेही नेमकी अंडी तपासायच्या वेळी.

अंडं ठेवून घेण्यात शहाणपण कसं?

आता मूळ प्रश्न. कुक्कूचं अंडं ठेवून घेतलं तर यजमानाचा तो सगळा डाव बुडतो, कारण कुक्कूचं पिल्लू बाकीचं सगळं बाहेर ढकलतं. मग जरा जरी संशय आला तरी अंडं टाकून द्यावं, हे उत्तर सरळ वाटतं. पण वटवट्याच्या जागी बसून पाहिलं की ते इतकं सरळ राहत नाही.

त्याच्या स्वतःच्या अंड्यांतही फरक असतो. एक जरा फिकट, एकावर ठिपके दाट. चार अंड्यांत कुठलं तरी एक सगळ्यांत वेगळं दिसणारच. ते कुक्कूचं आहे की आपलंच, हे रंग पाहून खात्रीने सांगता येत नाही, आणि कुक्कूचं अंडं जितकं चांगलं जुळेल तितकं ते अवघड होतं. परकं समजून आपलंच अंडं टाकल्याची उदाहरणं घरट्यांतून प्रत्यक्ष सापडतात. म्हणजे नाकारण्याची किंमत आहे, आणि ती घरट्यात कुक्कूचं अंडं नसलेल्यांनाही मोजावी लागते.

ढोबळ आकडे घेऊन मांडून पाहू. हे आकडे समजण्यापुरते मी धरलेत. घरट्यात चार अंडी धरा. कुक्कू आली नसेल आणि काहीच टाकलं नाही, तर चार पिल्लं. कुक्कू आली असेल आणि अंडं ठेवलं, तर शून्य. आता ‘वेगळं दिसेल ते टाकायचं’ असं धोरण घेतलेला वटवट्या पाहा. कुक्कू आलेलीच नसेल तर तो स्वतःचंच एक अंडं टाकतो आणि तीन उरतात. कुक्कू आली असेल तर तिने आधीच एक उचललेलं आहे, म्हणून त्याची तीन अंडी उरलेली. दहापैकी सात वेळा तो बरोबर अंडं टाकतो आणि तिन्ही वाचतात. तीन वेळा चुकतो आणि सगळं जातं. सरासरी 2.1.

आता घरट्यात कुक्कूचं अंडं असण्याची शक्यता 16 टक्के आहे असं धरा. विकेन फेनमध्ये 1986 साली एवढ्याच घरट्यांत कुक्कूची अंडी सापडली होती. काहीच न टाकणाऱ्याच्या वाट्याला सरासरी 3.36 पिल्लं येतात, टाकणाऱ्याच्या वाट्याला 2.86. ठेवून घेणारा पुढे आहे. शक्यता 50 टक्के केली की चित्र उलटतं: ठेवणाऱ्याला 2, टाकणाऱ्याला 2.55. या आकड्यांनी दोन्ही धोरणं बरोबरीला येतात ती 32 टक्क्यांच्या आसपास.

डेव्हिस, ब्रुक आणि आलेहांद्रो काचेलनिक यांनी 1996 मध्ये हाच हिशोब प्रत्यक्षातल्या चुकांच्या प्रमाणावरून नीट मांडला. त्यांच्या गणितात ही सीमा 19 ते 41 टक्क्यांच्या दरम्यान आली. विकेन फेनमध्ये कुक्कूचं प्रमाण बहुतेक वर्षी त्याच्या खालीच असतं. म्हणून जुळणारं अंडं एरवी ठेवून घेणं हाच वटवट्याचा कमी तोट्याचा मार्ग आहे. पण घरट्यावर कुक्कू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, की त्याच्यापुरती शक्यता 16 वरून कितीतरी वर जाते, आणि मग तेच अंडं टाकणं फायद्याचं ठरतं. पेंढा भरलेल्या कुक्कूने यजमान बदलले ते यामुळेच. वटवट्याला अर्थातच टक्केवारी येत नाही; असा हिशोब साधणारी वागणूक ज्यांच्यात होती त्यांची पिल्लं जास्त उरली, एवढंच.

याच मांडणीत न जुळणाऱ्या अंड्याची गोष्टही बसते. निळंशार अंडं आपलं असण्याची शक्यताच नाही, तिथे चूक होण्याचा धोका नगण्य, म्हणून तिथे कोणी फारसा घोळ घालत बसत नाही.

घराणी

विकेन फेनची कुक्कू हिरवट अंडी घालते. पण त्याच देशात तीरचिमणीच्या घरट्यांत घातलेली कुक्कूची अंडी तपकिरी असतात, आणि युरोपात इतरत्र काही कुक्कू चक्क निळी अंडी घालतात. जात एकच. मादी आयुष्यभर एकाच रंगाची अंडी घालते आणि मुख्यतः एकाच यजमानाच्या मागे असते. ही कुक्कूंची घराणी. घराणं आईकडून मुलीकडे चालतं. नर कुठल्याही घराण्यातल्या मादीशी जुळतो, म्हणून सगळ्या कुक्कू मिळून एकच जात राहते. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात फक्त आईकडून येणारा डीएनए घराण्याघराण्यांत वेगळा निघाला, आई-बाप दोघांकडून येणारा तसा निघाला नाही.

या घराण्यांत एक बेंगरूळ घराणं आहे आणि मला ते फार आवडतं. डनॉक हा चिमणीएवढा पक्षी निळीशार अंडी घालतो. त्याच्या घरट्यात घातलं जाणारं कुक्कूचं अंडं मात्र करडं, ठिपकेदार. आंधळ्यालाही कळावं इतकं वेगळं. तरी डनॉक ते मुकाट उबवतो. प्रयोगात ठेवलेली कसलीही खोटी अंडी त्याने स्वीकारली. यजमान नाकारत नाही म्हणून कुक्कूला नक्कल करायची गरजच पडलेली नाही. यावरचं सर्वसाधारण स्पष्टीकरण असं की डनॉक हा कुक्कूचा तुलनेने नवा बळी आहे आणि ब्रिटनमध्ये त्याच्या दोनच टक्के घरट्यांत कुक्कू येते, म्हणून बचाव अजून रुजलेला नाही. आइसलँडमध्ये कुक्कू वीण करत नाही. तिथल्या तीरचिमण्या आणि धोबी पक्षी यांची हीच परीक्षा घेतली, तेव्हा ब्रिटनमधल्या त्यांच्या भाईबंदांपेक्षा त्यांनी परकी अंडी बरीच जास्त स्वीकारली. बचाव तिथेच तयार होतो जिथे चोर येतो.

पिल्लाच्या बाबतीत एवढी हार का?

अंडं बघून घेणारा हाच वटवट्या पिल्लापुढे मात्र साफ हरतो. कुक्कूच्या अंड्यातलं पिल्लू सहसा आधी बाहेर येतं, कारण अंडं घालण्यापूर्वीच मादीच्या पोटात त्याची जवळपास एक दिवसाची वाढ झालेली असते. उघडं, आंधळं, गुलाबी पिल्लू काही तासांतच कामाला लागतं. घरट्याच्या तळाशी पाय रोवतं, मान खाली घालतं, एखादं अंडं पाठीवरच्या खळग्यात घेतं आणि मागे मागे सरकत घरट्याच्या भिंतीवरून वर चढवून पाण्यात लोटतं. मग दुसरं. हे पहिल्यांदा नीट वर्णन करून लिहिलं ते 1788 मध्ये एडवर्ड जेन्नरने, देवीच्या लसीमुळे ज्याचं नाव आपण ऐकतो त्यानेच. पाठीवरचा तो खळगा थोड्या दिवसांनी भरून जातो हेही त्याने टिपलं होतं. हे सगळं चालू असताना वटवट्याची मादी कधी कधी घरट्याच्या कडेवर उभी असते आणि काही करत नाही.

पुढे हे एकटं पिल्लू वटवट्याच्या चार पिल्लांएवढं अन्न मागतं आणि त्याला ते मिळतंही. ते नुसतं मोठं आहे म्हणून मिळतं का, हे पाहायला डेव्हिस, रेबेका किल्नर आणि डेव्हिड नोबल यांनी तेवढ्याच आकाराचं ब्लॅकबर्डचं पिल्लू वटवट्याच्या घरट्यात ठेवलं. त्याला कुक्कूच्या पिल्लाएवढं मिळालं नाही. मग घरट्याशेजारी छोटा स्पीकर लावून, हे पिल्लू चोच उघडेल तेव्हा कुक्कूच्या पिल्लाची ‘सी-सी-सी-सी’ ही भरभर हाक वाजवली. घास आणण्याचा वेग कुक्कूच्या पिल्लाच्या पातळीला गेला. वटवट्याच्या भरल्या घरट्याचा कलकलाट वाजवला तरी तेच झालं. एकाच वटवट्या-पिल्लाचा आवाज वाजवला तर झालं नाही. कुक्कूचं पिल्लू तोंड एकट्याचंच उघडतं, पण आवाज सगळ्या भावंडांचा काढतं.

अंडं ओळखता येतं तर बारा ग्रॅमच्या पक्ष्याला त्याच्याहून कितीतरी मोठं झालेलं पिल्लू का ओळखू येऊ नये? याचं मला सगळ्यांत पटलेलं उत्तर अर्नोन लोटेम यांनी 1993 मध्ये दिलं. वटवट्या आपलं अंडं कसं दिसतं हे पहिल्या विणीत पाहून शिकतो. त्या वेळी घरट्यात कुक्कूचं अंडं असलं तरी सोबत स्वतःची अंडीही असतात, म्हणून शिकण्यात फार बिघाड होत नाही. पिल्लाच्या बाबतीत हीच पद्धत घातकी ठरते. पहिल्याच विणीत कुक्कूचं पिल्लू वाट्याला आलं तर घरट्यात दुसरं पिल्लू उरतच नाही, आणि ‘माझं पिल्लू असं दिसतं’ म्हणून मनात ठसतं ते कुक्कूचं. पुढच्या वर्षी तो स्वतःची खरी पिल्लं परकी समजून टाकून देईल. शिकून कायमचं चुकण्यापेक्षा न शिकलेलं बरं. ऑस्ट्रेलियातला सुपर्ब फेअरीरेन हा छोटा पक्षी मात्र एका तिथल्या कुक्कूच्या पिल्लाला बऱ्याचदा सोडून जातो, म्हणजे ही भिंत प्रत्येक यजमानाला अभेद्य असते असं नाही. वटवट्यापुढे मात्र ती आहे, आणि म्हणून त्याची सगळी लढाई अंड्यापाशी आणि अंड्याच्या आधीच लढली जाते.

1997: चोर कमी झाल्यावर

प्रकरणाचा उत्तरार्ध कोणी ठरवून घडवलेला नाही. इंग्लंडमध्ये कुक्कू कमी होत गेल्या. विकेन फेनमध्ये 1985 साली 26 टक्के आणि 1986 साली 16 टक्के घरट्यांत कुक्कूची अंडी होती. 1995 ते 1997 मध्ये हे प्रमाण 2 ते 6 टक्क्यांवर आलं. ब्रुक, डेव्हिस आणि नोबल यांनी पूर्वीचाच प्रयोग पुन्हा केला. न जुळणारं अंडं पूर्वी 75 टक्के घरट्यांत नाकारलं जायचं, 1997 मध्ये फक्त 25 टक्के घरट्यांत.

बारा वर्षांत असं का व्हावं? पहिला विचार उत्क्रांतीचा येतो: चोर कमी, म्हणून उगाच अंडी टाकणाऱ्यांचं नुकसान, म्हणून असे वटवट्ये कमी झाले. पण हिशोब केला तर एवढ्या थोड्या पिढ्यांत एवढी मोठी घसरण निव्वळ निवडीने बसत नाही, कारण चुकून टाकलेल्या अंड्यांचा दरवर्षीचा तोटा तेवढा मोठा नाही. म्हणजे त्याच जातीचे, त्याच पाणथळीचे पक्षी आसपासची परिस्थिती पाहून आपलं वागणं सैल करत असावेत.

याला जोड मिळाली ती 11 किलोमीटरवरच्या दुसऱ्या एका बोरूवनाची. तिथल्या वटवट्यांना कुक्कूचा त्रास नव्हता आणि न जुळणारं अंडं त्यांनी जवळजवळ नाकारलंच नाही. पण घरट्याजवळ पेंढा भरलेली कुक्कू ठेवली, तेव्हा मात्र तेही नाकारायला लागले. ज्यांच्या घरट्यात कुक्कू येत नव्हती त्यांच्यातही हत्यार होतंच, म्यानात.

ते म्यानातून निघतं कसं, याचा एक धागा 2009 मध्ये हाती आला. वटवट्यांना घरट्याजवळ कुक्कू दिसली की ते कर्कश ओरडत तिच्यावर धावून जातात. डेव्हिस आणि वेल्बर्गेन यांनी काही जोड्यांना शेजाऱ्यांचा असा हल्ला पाहू दिला. पाहिलेल्या जोड्या नंतर स्वतःच्या घरट्यापाशी कुक्कूवर जास्त जोराने तुटून पडल्या. शेजाऱ्यांनी निरुपद्रवी पोपटाच्या प्रतिकृतीवर हल्ला केलेला दाखवला तेव्हा मात्र पोपटाबद्दलचं त्यांचं वागणं बदललं नाही. कुक्कूबद्दलची शिकवण शेजारून घेतली जाते, पण कोणाबद्दल शिकायचं याची निवड आधीच झालेली असते.

कुक्कूनेही यावर एक उत्तर आधीच दिलेलं दिसतं. काही कुक्कू माद्या राखाडी नसून तांबूस रंगाच्या असतात. 2012 मध्ये रोझ थॉरोगूड आणि डेव्हिस यांनी दाखवलं की राखाडी मादीवरचा हल्ला पाहून शिकलेला वटवट्या राखाडीपासूनच सावध होतो. तांबूस मादी आली तर शेजाऱ्यांकडून शिकलेलं त्याच्या कामी येत नाही.